टाइट्स चारपाच महिन्यांत गुडघ्यावर पिशवी होतात, पकड जाते: नेमकं काय गेलंय ते कसं ओळखायचं

पावसाळा संपत आला की आमच्याकडे बेळगावच्या शहापुरात हाच प्रश्न घेऊन पोरं येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडची. कोण भरतीसाठी पळतंय, कोण कबड्डी खेळतंय, कोण तालमीत जातंय, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की कॉम्प्रेशन टाइट्स घेतली तेव्हा मांडीला गच्च बसायची, आता गुडघ्यावर फुगा येतो, पळताना कंबरेतून खाली सरकते, अन धुतली की दोन दिवस बरी वाटते मग परत तेच. बरेच जण लगेच म्हणतात "लायक्रा गेला". पण लायक्रा जाणं आणि विण सैल पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सैल पडलेली विण बरी होते, गेलेला लायक्रा होत नाही. म्हणून आधी कुठली झालीय ते बघायचं, मग धुण्याचं नि पैशाचं ठरवायचं.

कापडात काय असतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. टाइट्सच्या कापडात मुख्य धागा नायलॉन किंवा पॉलिस्टर असतो, आणि त्याच्या जोडीला बारीक रबरासारखा धागा असतो, त्याला इलास्टेन म्हणतात. लायक्रा, स्पँडेक्स ही त्याचीच नावं, बाजारात सगळ्याला लायक्राच म्हणतात. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शायव्हर्स यांनी तो शोधला. हा धागा त्याच्या मूळ लांबीच्या पाचसहा पट ताणला जातो आणि परत येतो. याचं कारण असं की त्याच्या आत दोन प्रकारचे भाग एकाआड एक असतात, एक मऊ, गुंडाळलेला, जो ताणला की उलगडतो, आणि दुसरा कडक, जो शेजारच्या कडक भागाला धरून बसतो आणि मऊ भागाला वाहून जाऊ देत नाही. ही धरून बसायची पकड म्हणजेच टाइट्सची पकड. उष्णता, तेल, ब्लीच, किंवा बराच वेळ ताणलेलं ठेवणं, यातल्या कशानेही ती पकड हळूहळू सुटते, आणि सुटलेली परत जुळते ती ताणलेल्या, लांब झालेल्या जागी. तिथून मग धागा परत आखूड होत नाही.

आता विणीचं. मशीनवर विणताना इलास्टेनचा धागा साधारण तिप्पट ताणून घालतात, आणि कापड मशीनवरून उतरलं की तो आखूड होतो आणि नायलॉनचे फासे एकमेकांना खेटवतो. म्हणजे कापडाचा घट्टपणा रबराने धरून ठेवलेला असतो, आणि उलट फासे जितके खेटलेले तितकं रबराला जास्त ताणायची वेळ कमी येते. सैल विणीचं कापड ओढलं की आधी फास्यांचा गोल आकार लांबोळा होतो, याला जोर लागत नाही, त्यामुळे दुकानात हातात घेतलं तर "किती छान ताणतंय" वाटतं. पण फासा लांबोळा झाला की नायलॉन नायलॉनवर घासून तिथेच अडकून राहतो, रबर कमी असेल तर त्याला कोरड्या कापडात परत ओढून आणता येत नाही. गुडघ्यावरचा फुगा बहुतेक वेळा हाच असतो. घट्ट विण आणि जास्त रबर असलेलं कापड ओढायला जड जातं, आणि सोडलं की झटकन परत येतं.

या कारणानेच नुसता टक्का बघून चालत नाही. लेबलवर ८% लिहिलं असेल तर ते रोजच्या वापराचं लेगिंगचं कापड आहे, त्याला कॉम्प्रेशन म्हणून विकलं तरी ते कॉम्प्रेशन होत नाही. खऱ्या कॉम्प्रेशनच्या कापडात साधारण १८ ते २५% इलास्टेन असतं. पण हा टक्का वजनाचा आहे, आणि तो रबर कसा विणलाय हे लेबल सांगत नाही. साध्या सिंगल जर्सीत तो नायलॉनच्या मागून नुसता सोबत चालतो, आणि धागा तुटला की आत सरकत जातो. इंटरलॉकमध्ये विण दोन्ही बाजूनी बंद असते त्यामुळे कापड स्थिर राहतं. वार्प निट, ज्याला बाजारात ट्रायकॉट म्हणतात, त्यात धागे उभे नागमोडी जातात, एक फासा तुटला तरी ओळ उसवत नाही, पकड जास्त दिवस टिकते, पण भावही जास्त.

अजून एक गोष्ट मिलमध्ये होते ती गिऱ्हाईकाला दिसतच नाही. विणलेलं कापड साधारण १८० ते १९५ अंश सेल्सिअसला मिनिटभराच्या आत गरम हवेतून काढतात, त्याला हीट सेट म्हणतात, त्याने रुंदी पक्की होते. तिथे कापड जास्त रुंद ओढून सेट केलं की तेवढ्याच सुतात जास्त क्षेत्रफळाचं कापड मिळतं. पण रबर तिथेच ताणलेल्या जागी बसतो, विण उघडी पडते, आणि ते कापड नवं असतानाच अर्धं गेलेलं असतं. आम्ही शिवणारे रोल आला की दहा सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर टाकतो, ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर केलं की जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, येतो. सांगितलं २६० आणि भरलं २२५, तर रुंदी ओढलेली आहे हे जवळजवळ नक्कीच. असला रोल आम्ही शिवायला घेत नाही, कारण चार महिन्यानी शिव्या शिवणाऱ्याला बसतात, मिलला नाही.

आता तपासणी. टाइट्स न कापता घरी करता येते. टिकाऊ पेन लागेल, स्केल, कागदाच्या गठ्ठ्याला लावतात तसले दोन रुंद काळे क्लिप, आणि एक लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे साधारण एक किलो. टाइट्स धुऊन, सपाट वाळवून, दिवसभर न घालता ठेवायची, मग पलंगावर उलटी पसरायची. पाय सपाट ठेवून मांडीच्या बाहेरच्या बाजूला आडव्या दिशेने बरोबर १० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, तसंच गुडघ्यावर समोर दोन खुणा. आडवी दिशा म्हणजे पायाभोवती जी गोल जाते ती, कारण पकड त्याच दिशेने लागते. एक क्लिप एका खुणेवर दोन्ही थर धरून लावायचा, तो खिळ्याला अडकवायचा, दुसऱ्या क्लिपला बाटली टांगायची, एक मिनिट थांबायचं, अंतर मोजायचं. मग बाटली काढून अर्ध्या मिनिटाने मोजायचं, आणि अर्ध्या तासाने परत मोजायचं. गुडघा आणि मांडीची बाजू अशा दोन जागा मुद्दाम घ्यायच्या, कारण बाहेरच्या मांडीला त्रास कमी होतो, ती तुमच्याच टाइट्समधली जवळजवळ नवी जागा, त्यामुळे तुलनेला दुसरी नवी जोडी लागत नाही. दोन्हीकडे क्लिप सारख्याच रुंदीचे हवेत, नाहीतर आकडे जुळायचे नाहीत.

खानापूरकडचा भरतीची तयारी करणारा एक मुलगा दोन जोड्या घेऊन आला होता, त्याचे आकडे देतो. पहिली काळी, ९२% पॉलिस्टर ८% इलास्टेन, सिंगल जर्सी. दुसरी निळी, ७८% नायलॉन २२% इलास्टेन, इंटरलॉक. त्याचं म्हणणं दोन्ही खलास झाल्यात, टाकून द्यायच्या.

काळीत मांडीला १० चे १६.५ झाले, गुडघ्यावर १७. बाटली काढली तर गुडघ्यावर ११.२, अर्ध्या तासाने १०.८. मांडीलाही जवळजवळ तसंच, १०.९ आणि १०.६. म्हणजे कापडात सगळीकडेच ताकद कमी, गुडघ्यावरच काही वेगळं बिघडलेलं नाही. मग तीच कोमट पाण्यात धुऊन सपाट वाळवली, दुसऱ्या दिवशी खुणांमधलं अंतर मोजलं तर १०.१. सगळं परत आलं! पाण्यात भिजलं, हलवलं की फासे मोकळे होतात आणि रबर त्याना परत खेचून घेतो. म्हणजे या जोडीत रबर गेलेला नाहीच, रबर पहिल्यापासूनच कमी होता. धुतली की दोन दिवस बरी वाटते ती या कारणाने. ही टाइट्स खराब झालेली नाही, पण ती कॉम्प्रेशनचीही नाही, सकाळच्या सैल पळायला, वॉर्मअपला ती ठीक आहे आणि अजून वर्षभर सहज चालेल.

निळीत गोष्ट वेगळी निघाली. मांडीला १० चे १३.५, काढल्यावर १०.२, अर्ध्या तासाने १०.१. मस्त कापड. पण गुडघ्यावर १५.५, काढल्यावर १०.९, अर्ध्या तासाने १०.७, आणि धुऊन वाळवून दिवसभर ठेवल्यावरही १०.६. धुऊनही परत येत नाही म्हणजे इथे रबर कायमचा लांबला किंवा तुटलाय. मी ती उलटी करून हात आत घालून मोबाइलच्या टॉर्चवर ताणून दाखवली, गुडघ्यामागे आणि जांघेजवळ आतून पांढरे, कुरळे, केसासारखे टोक बाहेर आलेले. बोटाने चिमटीत धरून ओढलं तर रबरासारखं ताणतं मग तुटतं. ते इलास्टेनचे तुटलेले धागे, नायलॉन असा कुरळा होऊन रबरासारखा ताणत नाही. ही खूण दिसली की मग आकड्यांचीही गरज नाही.

मग विचारलं वापर कसा. सकाळी पळायच्या आधी पायाला मालिशचं तेल, त्यावर लगेच टाइट्स. पळून आल्यावर ती बादलीत, कधी कधी तशीच ओली रात्रभर. पावसाळ्यात खानापूरकडं आठ आठ दिवस ऊन नसतं, त्यामुळे चुलीवरच्या दोरीला कंबरेने टांगून वाळवायची, पाण्याने जड झालेली, पाय खाली लोंबकळत. यातलं प्रत्येक कारण वेगळं काम करतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तेल सगळ्यात वाईट, आणि आमच्या तालमीच्या भागात सगळ्यात जास्त. तेल आणि बाम इलास्टेनच्या आत शिरतात, धागा फुगतो, कडक भागांची पकड ढिली पडते, त्यात गुडघा शंभर वेळा दुमडला की धागा तिथेच तुटतो. घामातला तेलकट अंशही तेच करतो पण सावकाश. मालिश करायचीच तर टाइट्स काढल्यावर करा, किंवा अंघोळ करून अंग कोरडं पुसून मग घाला. पॉलिस्टर तर तेल धरूनच ठेवतं, त्यामुळे तेल लागलं की त्याच दिवशी साबणाच्या थंड किंवा कोमट पाण्यात धुवा.

चुलीवर वाळवणं. मिलमध्ये १९० अंशाला मिनिटभरात जे होतं तेच कमी उष्णतेत, ओल्या आणि ताणलेल्या अवस्थेत, तासन्‌तास ठेवून थोडं थोडं होत राहतं. नुसती उष्णता एवढं बिघडवत नाही जेवढी उष्णता आणि ताण एकत्र. ओली टाइट्स पाण्याने जड असते, ती कंबरेने टांगली की तिचंच वजन तिला ओढतं. म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, पिळू नका, मग मधोमध दांडीवर घडी घालून टाका किंवा खाटेवर सपाट पसरा आणि पंखा लावा. नायलॉनचं कापड पंख्याखाली रात्रभरात वाळतं, पावसाळ्यातसुद्धा. चूल, हीटर, फ्रीजची मागची बाजू, इस्त्री, यातलं काही नको. गिझरचं कढत पाणी नको, ४० अंशापर्यंतच, म्हणजे हात आरामात बुडवता येईल इतकंच गरम.

रात्रभर ओली ठेवणं. इलास्टेन दोन जातीचं येतं आणि लेबलवर ते कधीच लिहीत नाहीत. एका जातीला दमटपणा आणि बुरशी फार त्रास देत नाही पण ब्लीच आणि ऊन देतं, दुसरी जात बरोबर उलटी. तुमच्याकडं कुठली आहे माहीत नसताना दोन्ही सांभाळणंच शहाणपणाचं, वापरली की निदान साध्या पाण्यातून काढून पसरून ठेवा, आणि वाळवायला सावली. वास जावा म्हणून बादलीत ब्लीच टाकायची सवय काही घरात असते, ती या कपड्याला पूर्ण बंद करा. ब्लीचने रबर पिवळा, ठिसूळ होतो, आणि मग ताणलं की कापडातून बारीक कडकड ऐकू येते, ते धागे तुटत असतात. पोहायच्या तलावातलं क्लोरीनही तेच करतं, म्हणून रोज पोहणाऱ्यानी पळायची टाइट्स तलावात घालू नये, तिथे पॉलिस्टर आणि पीबीटी या त्याच्याच ताणणाऱ्या जातीचं बिनरबराचं किंवा कमी रबराचं कापड टिकतं. कपडे मऊ करायचं लिक्विडही नको, ते धाग्यांवर थर देतं, घाम शोषणं कमी होतं आणि रबर फास्यातून सरकायला लागतो.

आता अजून एक केस जी लोकांना वाटते कापडाची पण असते शिवणीची. फुगा शिवणीला लागून दोनतीन बोटं रुंद पट्ट्यात आला असेल आणि मधलं कापड घट्ट असेल तर सुईने रबर कापलाय. टोकदार साधी सुई ताणाच्या कापडात धाग्यामधून न जाता धागा फोडते. कापलेला रबर ताणलेला असल्याने आत पळतो आणि शिवणीजवळची पट्टी मेल्यासारखी होते. यासाठी बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई ७५ नंबरची, ओव्हरलॉक किंवा फ्लॅटलॉकचा टाका, आणि शिवताना कापड ओढायचं नाही. तुम्ही टेलरकडून टाइट्स आवळून घेणार असाल तर हे आधी विचारा, साध्या मशीनवर सरळ टाका मारून आवळलेली टाइट्स महिन्याभरात शिवणीवर फाटते किंवा अशी पट्टी पडते.

कंबरेतून सरकते अशी तक्रार असेल तर कंबरेचं इलॅस्टिक वेगळं तपासा. ते बहुतेक वेळा आत वेगळं घातलेलं पट्टीचं असतं आणि कापडाच्या आधी जातं, कारण घालताना सगळे तिथेच बोटांनी ओढतात. ताणून सोडल्यावर ते लहरी होत असेल किंवा आत वळत असेल तर फक्त इलॅस्टिक बदलून घ्या. मांडीला कापड चांगलं असेल तर नवी टाइट्स घ्यायची गरज नाही. घालताना कंबर धरून ओढू नका, आधी पाय गोळा करून घोट्यापासून वर आणत जा.

निळ्या जोडीचं काय केलं तर, गुडघे गेलेत ते परत येणार नाहीत हे त्याला स्पष्ट सांगितलं. आवळून दे म्हणाला. आवळलं की आकाराला घट्ट होते हे खरं, पण जे रबर शिल्लक आहे त्याला आता आधीपेक्षा जास्त ताण पडतो आणि ते लवकर जातं. मी तिची गुडघ्याच्या वर कापून शॉर्ट्स करून दिली, मांडीचं कापड अजून १०.१ ला परत येतंय, तिथे पकड अजून दोन सीझन सहज मिळेल. पायाच्या खालच्या अर्ध्याचा तुकडा ठेवून घेतला, पुढच्याना तुटलेला रबर दाखवायला.

नवी घेताना दुकानात वजन लावता येत नाही, तिथे एवढं करा. लेबलवर इलास्टेन १८% च्या वर आहे का बघा, नायलॉन असेल तर पॉलिस्टरपेक्षा पहिली पसंती त्याला. मांडीजवळ आडवं धरून दीडपट ताणा, दहा आकडे मोजा, सोडा. सोडल्या सोडल्या सपाट झालं पाहिजे, लाट राहिली तर ठेवा परत. ताणलेल्या जागी उजेडासमोर बघा, जाळीसारखे फासे उघडे पडले आणि पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर विण सैल आहे. आणि सहज, न अडता ताणलं जातंय म्हणून खूश होऊ नका, खेचताना हाताला उलट जोर लागलाच पाहिजे. गणपत गल्लीत असो की खडे बाजारात, दुकानदार "एक साइज लहान घ्या, गच्च बसेल" म्हणतो, ते ऐकू नका. सैल कापडाची लहान साइज म्हणजे रबर सतत शेवटपर्यंत ताणलेला, आणि तुम्ही उतरवेपर्यंत त्याला मागे यायला वेळच मिळत नाही. रोज पळणाऱ्यानी शक्यतो दोन जोड्या आलटून पालटून वापरा, धुतल्यानंतर एक पूर्ण दिवस न घालता पडून राहिलेलं कापड मापाला जास्त जवळ परत येतं, हे वरच्याच खुणा करून स्वतः मोजून बघता येतं.

आणि डॉक्टरानी व्हेरिकोज व्हेन्ससाठी सांगितलेले मोजे असतील तर त्याना हे घरगुती माप लावू नका. त्यांचा दाब मिलिमीटर पारा या मापात ठरवलेला असतो, घोट्याला जास्त आणि वर कमी होत जाणारा, आणि पाकिटावर किती महिन्यानी बदलायचे ते लिहिलेलं असतं, दिसायला घट्ट वाटले तरी तेव्हा बदलाच.